सहा आठवड्यांचा हिशोब

पत्र

डॉक्टर, मी ६१ वर्षांचा आहे. बँकेतून निवृत्त झालो, पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात जीबीएस या नसांच्या आजाराची साथ आली, त्यात मीही सापडलो. आधी जुलाब, मग दहा दिवसांनी पाय जड झाले आणि पुढच्या चार दिवसांत खाटेवरून उठता येईना. १९ दिवस हॉस्पिटलात होतो, त्यातले पाच दिवस ते महागडं इंजेक्शन चालू होतं. आता चालतो, जिना चढतो. तळपायांना मुंग्या मात्र राहिल्यात.

मी दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर फ्लूची लस घ्यायचो. शेवटची जून २०२४ मध्ये घेतली, गेल्या वर्षी भीतीनं सोडली. मेहुणे म्हणतात, "भाऊजी, त्या लशीनंच तुमच्या नसा कमजोर केल्या. पुन्हा घेतलीत तर कायमचे आडवे व्हाल." फॅमिली डॉक्टर म्हणतात, बिनधास्त घ्या. केमिस्ट म्हणाला, जीबीएसवाल्यांना चालत नाही, खोक्यातल्या कागदावरच लिहिलंय. बायको घाबरून गेलीय. घ्यायची की नाही, एकदाचं सांगा. डिस्चार्ज कार्डाची प्रत सोबत पाठवतो आहे.

उत्तर

नमस्कार.

कार्ड पाठवलंत हे फार बरं केलंत. त्याच्यावरच्या तारखांतच निम्मं उत्तर आहे. जुलाब सुरू झाले ४ जानेवारीला आणि पायांतली ताकद जायला लागली १४ जानेवारीला. मधे दहा दिवस गेले. आता त्याच कागदावर पेन्सिलीनं तिसरी तारीख लिहा, तुमच्या शेवटच्या लशीची. जून २०२४. तिथून आजारापर्यंत सात महिने होतात.

जीबीएसमध्ये आम्ही मागे वळून बघतो ते सहा आठवड्यांपर्यंत. शरीरात काहीतरी नवं शिरतं, त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात आणि त्या चुकून आपल्याच नसांवर उलटतात. या सगळ्याला साधारण काही दिवस ते काही आठवडे लागतात. म्हणून रुग्ण समोर आला की पहिला प्रश्न असतो, "गेल्या दीड महिन्यात काय झालं होतं?" जुलाब, सर्दी-खोकला, ताप, एखादी लस, एखादं ऑपरेशन. सात महिन्यांपूर्वीच्या लशीला या प्रकरणात आरोपी करता येत नाही. मेहुण्यांचा हेतू चांगला असेल, पण त्यांचा हिशोब तारखांवरच अडतो.

केमिस्टही पूर्ण चुकीचं बोलला नाही, फक्त त्यानं वाक्य अर्धं वाचलं. फ्लूच्या लशीच्या माहितीपत्रकांत जीबीएसचं नाव दोन तऱ्हांनी येतं. एक, क्वचित दिसलेल्या त्रासांच्या यादीत. दुसरं, खबरदारी म्हणून: आधी फ्लूची लस घेतल्यावर *सहा आठवड्यांच्या आत* जीबीएस झाला असेल, तर पुढची लस देण्याआधी फायदा-तोट्याचा नीट विचार करावा. म्हणजे तिथंही "देऊ नये" असं सरसकट लिहिलेलं नसतं. आणि जुलाबांनंतर झालेल्या जीबीएसबद्दल ते वाक्य नाहीच. तुमच्यासारख्या रुग्णाला मी "कधीतरी जीबीएस झाला होता का?" एवढंच विचारून थांबत नाही. तो कशानंतर झाला, हे विचारतो.

आता तुमच्या पत्रात न लिहिलेली पण मला जाणवलेली भीती. जीबीएस झालेले बहुतेक जण ती मनात घेऊन फिरतात. एकदा माझी प्रतिकारशक्ती माझ्यावरच उलटली, म्हणजे आता ती पिसाळलेली आहे, कुठलंही निमित्त मिळालं की पुन्हा चावेल. ऐकायला पटतं, पण गोष्ट तशी नाही. ती कशी आहे हे समजायला तुमच्या भागात काय झालं ते पाहावं लागेल.

किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, खडकवासला या पट्ट्यात आणि आसपास त्या जानेवारी-फेब्रुवारीत मिळून दोनशेहून अधिक संशयित रुग्ण झाले. रुग्णांच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरसही. संशय दूषित पाण्यावर होता. या कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावर साखरेच्या रेणूंच्या काही साखळ्या असतात आणि त्यातल्या काही आपल्या नसांच्या पृष्ठभागावर असणाऱ्या साखळ्यांसारख्या हुबेहूब दिसतात. जंतूला मारायला निघालेल्या अँटिबॉडी त्या सारखेपणाला फसतात आणि नसांवर जाऊन बसतात. त्यातही हा जंतू पोटात गेलेल्या हजारातल्या एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी जणांना जीबीएस होतो. जंतूचा तो विशिष्ट वाण आणि तुमच्या शरीराची त्या वेळची घडण, असे दोन्ही धागे जुळावे लागतात.

म्हणजे तुमची प्रतिकारशक्ती पिसाळलेली नाही. एका चेहऱ्याला ओळखण्यात तिची चूक झाली. इंजेक्शनच्या फ्लूच्या लशीत तो चेहरा नसतो. तिच्यात मेलेल्या फ्लू विषाणूचे तुकडे असतात, कॅम्पिलोबॅक्टरचं काही नसतं, जिवंत विषाणूही नसतो. जीबीएस एकदा झालेल्या शंभरांपैकी दोन ते पाच जणांना तो आयुष्यात केव्हातरी पुन्हा होतो, हे खरं आहे आणि मी ते लपवणार नाही. पण बाकीच्या पंचाण्णव जणांना नंतरच्या आयुष्यात सर्दी होते, डास चावतात, दात काढावे लागतात, लशी घ्याव्या लागतात, आणि आजार उलटत नाही.

मग फ्लूची लस आणि जीबीएस ही जोडी आली कुठून? ती अफवा नाही. १९७६ च्या सुरुवातीला अमेरिकेत न्यू जर्सीतल्या फोर्ट डिक्स या लष्करी तळावर डुकरांमधल्या फ्लूसारखा विषाणू सैनिकांत सापडला, एक सैनिक दगावला. १९१८ ची महासाथ पुन्हा येते की काय या धास्तीनं सरकारनं घाईघाईनं लस बनवली. ऑक्टोबरात टोचायला सुरुवात झाली आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत चार कोटींहून अधिक लोकांना ती दिली गेली. तोवर लस घेतलेल्यांत जीबीएसचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त दिसू लागले होते, म्हणून मोहीम थांबवली. नंतरच्या हिशोबात दर एक लाख लस घेतलेल्यांमागे साधारण एक जास्तीचा रुग्ण निघाला. महासाथ तर आलीच नाही. त्या एका लशीत नेमकं काय बिघडलं होतं याचा समाधानकारक उलगडा आजवर झालेला नाही. मी वैद्यकीय कॉलेजात होतो तेव्हाही आमचे सर फ्लूच्या लशीचा विषय निघाला की १९७६ वर यायचे. तुमच्या केमिस्टपर्यंत पोचलेली भीती हीच, पन्नास वर्षं हस्ते-परहस्ते आलेली.

त्यानंतर दरवर्षीच्या लशींवर बारीक नजर ठेवली गेली. काही वर्षी धोका सापडलाच नाही. काही वर्षी सापडला तो दहा लाख डोसांमागे एक-दोन जास्तीचे रुग्ण इतका. हा आकडा नुसता वाचला तर हाती काही लागत नाही, म्हणून त्याच्या शेजारी आणखी दोन आकडे ठेवू.

जीबीएस लशीविनाही होतच असतो, वर्षाला लाखात एक-दोन जणांना. म्हणजे दहा लाख माणसांत वर्षाला दहा ते वीस. वर्षाच्या ५२ आठवड्यांतले कुठलेही सहा आठवडे घेतले तर त्यांच्या वाट्याला एक-दोन रुग्ण येतात. आता याच दहा लाख माणसांना एका दिवशी नुसतं मिठाचं पाणी टोचलं, तरी पुढच्या सहा आठवड्यांत त्यातल्या एक-दोघांना जीबीएस होईल आणि त्यांच्या घरचे आयुष्यभर त्या सुईला दोष देतील. खरी लस त्यात फार तर तेवढीच आणखी भर घालते.

दुसरा आकडा फ्लूचाच आहे, आणि लस न घेण्याच्या बाजूनं बोलणारे तो कधी सांगत नाहीत. फ्लू हाही जीबीएसचं एक निमित्त आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात दोन्ही धोके शेजारी ठेवून मोजले गेले आणि ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. लशीनंतर दहा लाखांमागे साधारण एक जास्तीचा रुग्ण, तर फ्लूसाठी डॉक्टरकडे झालेल्या दर दहा लाख भेटींमागे साधारण सतरा. यात एक अट लक्षात ठेवायला हवी. लस घेणारा प्रत्येक जण सुई घेतोच, पण न घेणाऱ्या प्रत्येकाला फ्लू होतोच असं नाही. त्यामुळे "सतरा विरुद्ध एक" असं थेट म्हणणं मला प्रामाणिक वाटत नाही. पण तुम्ही गेल्या वर्षी लस सोडलीत तेव्हा मनात जी तुलना केली होती, "लशीचा धोका विरुद्ध काहीच नाही", तीही बरोबर नव्हती. पलीकडच्या पारड्यात फ्लू होता.

इथवरचे आकडे सगळ्या जनतेचे. तुम्ही म्हणाल, माझं सांगा, ज्याला एकदा होऊन गेलाय त्याचं. त्याचाही अभ्यास झालेला आहे, दोन ठिकाणचा मी मानतो. उत्तर कॅलिफोर्नियात एका मोठ्या आरोग्य-योजनेच्या नोंदींतून जीबीएसचे ५५० रुग्ण शोधले गेले. त्यातल्या १०७ जणांनी बरं झाल्यावर पुढच्या काळात मिळून ४०५ वेळा फ्लूची लस घेतली. एकूण ५५० पैकी सहा जणांना जीबीएस दुसऱ्यांदा झाला, पण त्या सहांपैकी एकानंही आधीच्या दोन महिन्यांत कुठलीच लस घेतलेली नव्हती. नेदरलँड्समध्ये रुग्णांनाच विचारून माहिती घेतली होती. तिथल्या १०६ जणांनी मिळून ७७५ वेळा फ्लूची लस घेतली होती आणि त्यानंतर आजार उलटल्याचं एकानंही सांगितलं नाही.

दोन्हीकडचे मिळून अकराशे ऐंशी डोस, आणि लशीमागोमाग उलटलेला आजार शून्य. पण शून्याचा अर्थ "अशक्य" असा होत नाही. इतक्या डोसांवरून गणित एवढंच म्हणू देतं की धोका असलाच तर तो चारशे डोसांत एकाहून जास्त नसावा. खरा धोका त्याहून पुष्कळ कमी असावा असं माझं मत आहे. आणि एक भोकही दाखवून ठेवतो. कॅलिफोर्नियातल्या अठरा जणांना पहिला जीबीएस फ्लूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत झाला होता. त्यातल्या फक्त दोघांनी पुन्हा ती लस घेतली. दोघांना काही झालं नाही, पण दोन माणसांवरून मी कुणाला छातीठोकपणे काही सांगणार नाही.

म्हणूनच माझं उत्तर सगळ्यांना एकच नसतं. माझ्याकडे एक शिक्षिका येतात, वय ३४, बाकी तब्येत ठणठणीत. शाळेतल्या शिबिरात फ्लूची लस घेतली आणि सतराव्या दिवशी बोटांना मुंग्या सुरू झाल्या, आठवडाभरात पाय गेले. जुलाब नाही, सर्दी नाही, दुसरं कुठलंच कारण सापडलं नाही. त्या बऱ्या झाल्यावर मी त्यांना सांगितलं, तुम्ही ही लस घेऊ नका. लशीनंच झाला हे सिद्ध झालं म्हणून नव्हे. ३४ व्या वर्षी फ्लूपासून त्यांना गंभीर धोका कमी, मग शंकेचा फायदा शंकेलाच द्यावा. त्यांच्या घरातल्या बाकी चौघांनी मात्र घ्यायची, असं ठरलं. हाच इतिहास सत्तरीच्या, फुप्फुसं खराब असलेल्या माणसाचा असता तर मला दोन रात्री विचार करावा लागला असता.

आणखी एक गट वेगळा काढतो, कारण हे वाचणाऱ्यांत त्यातलेही असतील. काहींचा आजार चार आठवड्यांत टोकाला जाऊन उतरत नाही. तो आठ आठवड्यांनंतरही वाढत राहतो किंवा बरा होऊन पुन:पुन्हा उलटतो. त्याला सीआयडीपी म्हणतात आणि तो जीबीएसचा दीर्घकाळ चालणारा चुलत भाऊ आहे. नेदरलँड्सच्या त्याच पाहणीत फ्लूची लस घेतलेल्या सीआयडीपीच्या २४ जणांपैकी पाच जणांनी त्रास वाढल्याचं सांगितलं होतं. त्यांनी हे उत्तर स्वतःला लावू नये, आपल्या न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच ठरवावं. तुमच्या कार्डावर तुमचा आजार चौथ्या-पाचव्या दिवशी तळाला गेला आणि तिथून सावरत गेला असं स्पष्ट आहे. मुंग्या उरल्या आहेत, पण त्या वाढत नाहीत. म्हणजे तो गट तुमचा नाही.

आता तुमचं. गेल्या वर्षी लस सोडलीत ते भीतीनं सोडलीत, पण निर्णय वाईट नव्हता. आजाराला वर्ष झालेलं नसेल तर लस घेण्याआधी तज्ज्ञाशी बोलावं, असं या विषयातले जाणकार सुचवतात. मे-जून २०२५ मध्ये तुम्हाला जेमतेम पाच महिने झाले होते, नसा अजून भरून येत होत्या. आता वर्ष उलटून गेलंय. वय साठीच्या पुढे आणि बारा वर्षांचा मधुमेह. अशा माणसाला फ्लू झाला की तो तापावर थांबेलच असं नसतं. साखर हाताबाहेर जाते, न्यूमोनिया होतो, आठवडाभर अंथरुणात पडलं की मोठ्या कष्टानं परत मिळवलेली मांड्यांची ताकद पुन्हा जाते. तुमच्या जागी मी असतो तर या वर्षी घेतली असती. आधी हे उत्तर आणि कार्ड घेऊन तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडे एकदा जाऊन या, कारण तुमची नर्व्ह कंडक्शनची तपासणी त्यांनी पाहिलेली आहे, मी नाही.

घ्यायची ठरली तर कशी घ्यायची, ते सांगतो.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि थंडीत पुन्हा एकदा डोकं वर काढतो. लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तो काही महिन्यांत ओसरत जातो. म्हणून मे महिना किंवा जूनचा पहिला आठवडा बरा. विषाणू रूप बदलतो, त्यामुळे लशीतले वाण दरवर्षी नव्यानं ठरवले जातात. खोक्यावरचं वर्ष आणि एक्स्पायरी पाहून ताजीच मागा, गेल्या हंगामातली उरलेली घेऊ नका. नाकात मारायच्या लशीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. तुमच्या वयाला ती नकोच, दंडात टोचायची घ्या. मागे मिळालेल्या त्या महागड्या इंजेक्शनामुळे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनमुळे, या लशीला काही अडथळा येत नाही, ते केव्हाच अंगातून गेलंय.

त्या दिवशी फक्त हीच एक लस. मधुमेह आहे म्हणून डॉक्टर न्यूमोनियाची किंवा नागिणीची लसही सुचवतील, तीही विचार करण्यासारखी आहे, पण मधे सहा आठवडे जाऊ द्या. एका वेळी दोन दिल्यानं काही बिघडतं असं नाही. पण उद्या काही झालंच तर कशानं झालं हे कळायला हवं. तुमच्यासारख्याच्या बाबतीत ती माहिती पुढची वीस वर्षं उपयोगी पडणार आहे. याच कारणासाठी ताप किंवा जुलाब असताना लस घेऊ नका, ते थांबून दोन-तीन आठवडे जाऊ द्या. तुम्हाला मागच्या वेळी पाडलं ते जुलाबांनीच. ते चालू असताना लस टोचली आणि नंतर पाय जड झाले, तर दोष सुईला जाईल आणि खरा चोर सुटेल.

लशीच्या आदल्या संध्याकाळी एक काम करा. वहीत चार गोष्टी तारखेसह लिहा. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून लागोपाठ किती वेळा उठता येतं. टाचांवर दहा पावलं चालता येतं का. मुंग्या कुठवर आहेत, बोटांपर्यंत की घोट्यापर्यंत. आणि खोल श्वास घेऊन एका दमात, मोठ्यानं, घड्याळाच्या टिकटिकीपेक्षा जरा भरभर, किती आकडे मोजता येतात. समजा उठणं बारा वेळा, टाचांवर चालता येतं, मुंग्या तळपायांतच आणि मोजणी ३२ पर्यंत. ही तुमची पाटी. नंतर शंका आली तर आठवणीवर विसंबायचं नाही, वही उघडायची. मी हे का सांगतो? जीबीएस होऊन गेलेला माणूस लशीनंतर महिनाभर झोपेतही पाय हलवून बघत असतो. भीतीनंही मुंग्या वाढतात आणि रक्तातली साखर चढली तरी वाढतात. भीतीनं टाचांवर चालणं मात्र बंद पडत नाही.

पहिले एक-दोन दिवस दंड दुखेल, कणकण येईल, अंग मोडून आल्यासारखं वाटेल. तापात आणि थकव्यात जुन्या मुंग्या थोड्या जास्त जाणवतात. भरून आलेली नस दमली की कुरकुरते, आजार परत आला असं नाही. ताप उतरला की तेही उतरतं. पॅरासिटामॉल घ्या, साखर दोन दिवस जरा जास्त वेळा तपासा.

तीन-चार दिवसांनंतर सुरू झालेलं आणि रोज वाढत जाणारं काही असेल तर ती वेगळी गोष्ट. दोन्ही पाय सारखेच जड होऊ लागले, काल बारा वेळा उठत होता आणि आज सात वेळा, मुंग्या तळपायांतून घोट्यांवर चढल्या, मग बोटांत आल्या, चहा गिळताना ठसका लागू लागला, चेहऱ्याची एखादी बाजू लुळी वाटली. यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. एका दमातली मोजणी विसाच्या खाली आली तर रात्र असली तरी निघायचं, आणि जिथं आयसीयू आहे तिथंच जायचं. कंबरदुखी, एकाच पायात कळ किंवा एका हाताला मुंग्या हे बहुधा मणक्याचं किंवा झोपेत हात दबल्याचं असतं, ते सवडीनं दाखवलं तरी चालेल. लशीनंतरचे सहा आठवडे गावी, डोंगरात, लांबच्या यात्रेला जाऊ नका. मोठं हॉस्पिटल दोन तासांच्या आत असावं एवढंच.

बायकोबद्दल. त्यांना जीबीएस झालेला नाही, त्यांनी फ्लूची लस घ्यायला कसलीच आडकाठी नाही. तुमच्या आधी दोन आठवडे त्यांनी घ्यावी असं मी सुचवेन. घरात फ्लू शिरण्याची एक वाट कमी होईल, आणि त्यांना काही झालं नाही हे बघितल्यावर तुमच्या दिवशी घरातलं वातावरणही जरा सैल राहील. मेहुण्यांनाही घेऊन जा, पन्नाशी ओलांडली असेल तर त्यांनाही ती उपयोगाचीच आहे.

पाण्याचंही विचारून ठेवतो, कारण तुमच्या पत्रात लशीबद्दल पंधरा ओळी आहेत आणि पाण्याबद्दल एकही नाही. सोसायटीत अजून विहिरीचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं का? टाकी शेवटची कधी धुतली? त्यात क्लोरीन आहे का हे कुणी तपासतं का? पिण्याचं पाणी खळखळून उकळू द्या. चिकन आणत असाल तर ते आतपर्यंत शिजवा, आणि कच्चं चिकन ज्या पाटावर कापलं त्याच पाटावर कोशिंबिरीची काकडी चिरू नका. कॅम्पिलोबॅक्टर कोंबड्यांच्या आतड्यांत सुखानं राहतो आणि त्याच्यावर आपल्याकडे लस नाही.

लस घेतली की तारीख, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर डिस्चार्ज कार्डाच्या मागे लिहा आणि कार्ड पाकिटात ठेवा, कपाटात नको.